दुरुस्तीच्या फेऱ्या धरून शोधनिबंधाच्या तारखा कशा आखाव्यात?

नमस्कार सर. मी वडोदऱ्यात पर्यावरण रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विश्वामित्रीच्या गाळातल्या जड धातूंवरचा माझा शोधनिबंध तयार होत आला आहे. नमुने गेल्या हिवाळ्यातले आणि या उन्हाळ्यातले आहेत. प्रबंध ३० जून २०२७ पर्यंत द्यायचा आहे आणि त्याआधी निबंध स्वीकारल्याचे पत्र हवे, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. १७ ऑगस्टला निबंध पाठवला तर परीक्षकांची मुदत, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि पुन्हा पाठवण्याच्या तारखा कशा धराव्यात? जर्नलच्या पानावर 'पहिला निर्णय ३० दिवसांत' असे लिहिले आहे.

सर्वप्रथम तो ३० दिवसांचा आकडा बाजूला ठेवा. तो खोटा नसतो, पण त्यात संपादकाने परीक्षकांकडे न पाठवताच चार-आठ दिवसांत परत केलेले निबंधही सहसा धरलेले असतात आणि त्यांची संख्या मोठी असल्यामुळे सरासरी खाली येते. ज्या निबंधाला खरोखर दोन परीक्षकांचे अहवाल मिळतात, त्याचा पहिला निर्णय यापेक्षा बराच उशिरा येतो. तुमच्या उपयोगाचा आकडा त्याच जर्नलमध्ये छापलेल्या निबंधांच्या पहिल्या पानावर असतो. तिथे निबंध मिळाल्याची, सुधारित प्रत मिळाल्याची आणि स्वीकारल्याची अशा तारखा दिलेल्या असतात. नदीतला गाळ, जड धातू, प्रदूषण अशा तुमच्या विषयाजवळचे अलीकडचे वीसेक निबंध घ्या आणि या तारखा एका तक्त्यात उतरवा. मग सरासरी न काढता मधला आकडा पाहा आणि सर्वांत रेंगाळलेल्या पाच निबंधांना किती काळ लागला तेही पाहा. हे करताना दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. छापलेल्या तारखा फक्त स्वीकारलेल्या निबंधांच्या असतात, नाकारलेल्यांचा काळ त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय ज्या निबंधाला 'नाकारला, पण सुधारून नव्याने पाठवा' असे उत्तर मिळाले होते, त्याची मिळाल्याची तारीख दुसऱ्या वेळची असू शकते, त्यामुळे त्याचा प्रवास कागदावर आखूड दिसतो.

आता परीक्षकांची मुदत. बहुतेक विद्यार्थी असे समजतात की जर्नलने परीक्षकाला एकवीस दिवस दिले आहेत, म्हणजे निबंध पाठवल्यापासून महिन्याभरात अहवाल येतील. प्रत्यक्षात ते एकवीस दिवस परीक्षकाने 'होय, मी तपासतो' असे कळवल्यानंतर सुरू होतात आणि वेळ खरा जातो तो त्या होकारापूर्वी. संपादक आधी दोघा-तिघांना विचारतो. एखादा नकार देतो, एखादा उत्तरच देत नाही, आठवडाभर वाट पाहून त्याचे नाव काढावे लागते आणि नव्या माणसाला विचारावे लागते. मी एका जर्नलचे सहसंपादकपद सांभाळले तेव्हा दोन अहवालांसाठी आठ-नऊ जणांना विचारावे लागणे ही नेहमीचीच गोष्ट होती. ऑगस्टमध्ये तर युरोपातली मंडळी रजेवर असतात, त्यामुळे हा टप्पा आणखी लांबतो. म्हणून निबंध पाठवताना सुचवायच्या परीक्षकांची नावे शेवटच्या क्षणी घाईने भरू नका. गाळाच्या रसायनशास्त्रात सध्या प्रत्यक्ष काम करणारे, तुमच्या मार्गदर्शकांनी अलीकडच्या काळात ज्यांच्याबरोबर निबंध लिहिलेला नाही असे आणि संस्थेचा ईमेल पत्ता असलेले चार-पाच जण शोधून ठेवा. वडोदऱ्यातलीच किंवा आपल्याच विद्यापीठातली नावे दिली तर संपादक सगळी यादीच बाजूला ठेवतो. संपादक तुम्ही सुचवलेल्यांपैकी एखादाच घेईल, पण तेवढ्यानेही या टप्प्यातले दोन आठवडे वाचू शकतात.

हे धरून तुमचे वेळापत्रक मांडू. १७ ऑगस्ट २०२६ ला निबंध गेला, तर कार्यालयीन तपासणी आणि संपादकाचे पहिले वाचन यांना तीन आठवडे द्या, परीक्षकांचे होकार मिळायला पाच आणि अहवालांना पाच द्या. त्यात दोनदा स्मरणपत्रे जातील हे गृहीतच धरा. निर्णयाचे पत्र तयार व्हायला आणखी दोन आठवडे धरले, तर एकूण पंधरा होतात आणि तारीख येते ३० नोव्हेंबर. त्या दिवशी 'मेजर रिव्हिजन' मिळाले असे समजू, कारण पहिल्या फेरीत ज्या निबंधाचे बरे होते त्याला बहुधा हेच उत्तर मिळते. जर्नल साठ दिवस देईल, म्हणजे २९ जानेवारी. तुम्ही मात्र ११ जानेवारी ही आपली तारीख ठेवा. त्यापूर्वी नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीत परदेशी संपादकीय कार्यालये बंद असतात आणि त्यानंतर लगेच आपल्याकडे उत्तरायण येते. त्या दोन-तीन दिवसांत वडोदऱ्यातला कोणता सहलेखक गच्चीवरून खाली उतरून ईमेल वाचेल, हा प्रश्नच आहे. दुसऱ्या फेरीच्या परीक्षणाला आठ आठवडे धरले की ८ मार्च येतो. तेव्हा 'मायनर रिव्हिजन' आले तर २२ मार्चपर्यंत परत पाठवा आणि १२ एप्रिलपर्यंत स्वीकृतिपत्राची अपेक्षा ठेवा.

प्रबंधाच्या छपाईपूर्वी साम्य तपासणी, मार्गदर्शकांचे शेवटचे वाचन आणि कार्यालयातल्या सह्या यांना जूनचा महिना पुरा लागतो, म्हणून पत्र ३१ मेपर्यंत हातात हवे. १२ एप्रिल ते ३१ मे हे सात आठवडे तुमच्याजवळ शिल्लक राहतात. यांतले तीन-चार आठवडे परीक्षकांच्या उशिरापोटी जातील, असे धरूनच चाला. जे शिल्लक सात आठवडे आहेत, ते एका जर्नलमधल्या उशिराला पुरतात, पण पहिल्या जर्नलचा नकार सोसायला पुरत नाहीत. ३० नोव्हेंबरला नकार आला आणि दोन आठवड्यांत म्हणजे १४ डिसेंबरला निबंध दुसरीकडे पाठवला, तर त्याच मापाने तिथला पहिला निर्णय २९ मार्चला येईल, सहा आठवड्यांत सुधारित प्रत १० मेला जाईल आणि दुसऱ्या फेरीचा निर्णय जुलै उजाडल्यावर मिळेल. तेव्हा मार्गदर्शकांशी आजच एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, की प्रबंधासाठी नेमके काय लागते: निबंध पाठवल्याची पोच, स्वीकृतिपत्र की छापील निबंध? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनंतर प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे अशी देशभरची सक्ती उरलेली नाही, परंतु विद्यापीठाची किंवा विभागाची स्वतःची अट असू शकते आणि तुम्हाला लागू होणारी अट तीच. ती तोंडी न ऐकता लेखी पाहावी.

आता तुमच्या विषयापुरते बोलतो, कारण तुमचे खरे वेळापत्रक जर्नल ठरवणार नाही, नदी ठरवणार आहे. तुमच्याकडे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले नमुने आहेत. पावसाळ्यानंतरचे नाहीत. गाळावर काम करणारा कोणताही परीक्षक पहिल्या वाचनात विचारील, की पुराच्या पाण्याने बारीक गाळ वाहून गेल्यावर किंवा नवा साचल्यावर धातूंचे प्रमाण काय राहते. हा प्रश्न तुमच्या हाती ३० नोव्हेंबरला पडेल. त्या वेळी पावसाळा उलटून दोन महिने झालेले असतील आणि तुम्ही नमुने गोळा करायला निघालात, तरी मिळतील ते हिवाळ्याचेच. पुढचा पावसाळा २०२७ चा, म्हणजे प्रबंधाच्या तारखेपलीकडचा. यावर उपाय एकच आहे. निबंध परीक्षकांकडे असतानाच, ऑक्टोबरमध्ये पाणी उतरल्यावर, त्याच सगळ्या ठिकाणांचे नमुने घेऊन ठेवायचे. कोणी मागितले नाहीत तर प्रबंधाच्या एका प्रकरणाला उपयोगी पडतील. हे काम दोन दिवसांच्या सूचनेवर होणारे नाही हे तुम्ही जाणताच. विश्वामित्रीत मगरी आहेत, काठावर उतरायला जाणकार माणूस बरोबर लागतो, काही जागी परवानगी लागते आणि त्यात नवरात्र आले की गरब्याच्या दिवसांत मदतीला कोणी मिळत नाही. म्हणून तारीख सप्टेंबरमध्येच पक्की करा.

नमुने आणल्यावर ते वाळवून, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, जुन्या नमुन्यांसारख्याच बाटल्यांत ठेवावेत. जुन्या नमुन्यांचे उरलेले भाग कोणत्याही परिस्थितीत टाकू नका. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर २०२५ मध्ये शहरातल्या पात्रातून गाळ काढण्याचे आणि ते रुंद करण्याचे काम झाले. अशा नदीत एखाद्या जागचा गाळ एकदा गेला की तोच नमुना पुन्हा मिळत नाही आणि मोजमापाबद्दल शंका आली तर बाटलीतला उरलेला भाग हाच तुमचा पुरावा असतो.

दुसरी हमखास येणारी मागणी म्हणजे प्रमाणित संदर्भ पदार्थाची, अर्थात ज्यातल्या धातूंचे प्रमाण आधीच निश्चित केलेले आहे अशा गाळाची. तुमच्या पद्धतीने आम्लात विरघळवून मोजल्यावर त्यातला किती टक्के धातू परत सापडला, हे परीक्षक विचारतोच. तुमच्या निबंधात हा तक्ता नसेल, तर १७ ऑगस्टपूर्वीच तो पदार्थ मागवा. परदेशातून आयात होऊन आणि विद्यापीठाच्या खरेदीच्या पायऱ्या चढून तो येईपर्यंत आठवड्यामागून आठवडे जातात. साठ दिवसांच्या मुदतीत हे बसवायचा प्रयत्न केलात, तर मुदतीचा मोठा भाग नुसत्या वाट पाहण्यात जाईल.

पत्र आल्यावरच्या सहा आठवड्यांची विभागणी अशी करावी. पहिले दोन दिवस फक्त वाचा. परीक्षकांचे बोलणे कधी कधी जिव्हारी लागते आणि त्या रागात लिहिलेले उत्तर पुढे पुन्हा लिहावेच लागते. मग प्रत्येक परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा वेगळा काढून त्यापुढे लिहा, की याला फक्त मजकुरात बदल लागतो, आहे त्याच आकड्यांची नव्याने आकडेमोड लागते, की प्रयोगशाळेत जावे लागते. प्रयोगशाळेचे मुद्दे संख्येने थोडे असले, तरी सगळी मुदत तेच ठरवतात, म्हणून त्याच आठवड्यात धातू मोजण्याच्या यंत्राचा स्लॉट घ्या. तुमच्या बाबतीत त्या एकाच बैठकीत तीन गोष्टी मोजाव्यात. ऑक्टोबरचे नमुने, संदर्भ पदार्थ आणि जुन्या नमुन्यांपैकी चार-पाच. जुने पुन्हा मोजले नाहीत, तर ऑक्टोबरमध्ये दिसलेला फरक नदीचा आहे की यंत्राच्या दोन वेगळ्या दिवसांचा, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर राहत नाही आणि ते दुसऱ्या फेरीत विचारले जाणारच. तिसऱ्या आठवड्याअखेर आकडे हाती यावेत, चौथ्यात मजकूर आणि आकृत्या व्हाव्यात आणि पाचवा सर्वस्वी सहलेखकांना द्यावा. सहलेखकांना 'सवडीने पाहा' असे लिहू नये. 'अमुक तारखेपर्यंत सूचना द्याव्यात, ११ जानेवारीला प्रत जात आहे' असे लिहावे आणि ही तारीख त्यांना निर्णयाचे पत्र पोहोचवतानाच सांगावी. सगळ्या सहलेखकांचा होकार आल्याशिवाय प्रत पाठवायची नसते, म्हणून हा आठवडा दुसऱ्या कामाला वापरू नका.

परीक्षकांना द्यायच्या उत्तराबद्दल एवढेच सांगतो, की प्रत्येक मुद्द्याखाली काय बदलले, ते नव्या प्रतीच्या कोणत्या पानावर कोणत्या ओळीत आहे हे लिहावे आणि जे मान्य नाही ते सकारण लिहावे. जी मागणी मुदतीत पुरी होणे अशक्य आहे, उदाहरणार्थ सलग दोन वर्षांची निरीक्षणे, ती पुरी करण्याचे आश्वासन न देता आपला दावाच तेवढ्यापुरता मर्यादित करावा आणि तसा बदल शीर्षकात व सारांशातही करावा. नुसते शेवटी 'ही या अभ्यासाची मर्यादा आहे' असे एक वाक्य घालून शीर्षकात मात्र नदीच्या वर्षभराच्या प्रदूषणाची भाषा ठेवली, तर परीक्षक तिथेच बोट ठेवतो. दोन परीक्षकांच्या मागण्या परस्परविरुद्ध असतील, तर स्वतः मधला मार्ग शोधण्यात तीन आठवडे घालवू नका. पहिल्याच आठवड्यात संपादकाला थोडक्यात विचारा, की कोणत्या मागणीप्रमाणे जावे.

मुदतवाढ मागायची असेल तर ती मुदतीच्या मध्यावर मागावी, म्हणजे तुमच्या बाबतीत डिसेंबर संपण्यापूर्वी. पत्रात तीनच गोष्टी असाव्यात: कोणते काम पुरे झाले, कोणते राहिले आणि नवी तारीख कोणती. 'थोडा अधिक वेळ मिळावा' अशा मोघम विनंतीपेक्षा 'यंत्राचा स्लॉट अमुक तारखेला आहे, म्हणून १५ फेब्रुवारीपर्यंत मुदत हवी' या विनंतीला संपादक सहज होकार देतो. मुदत उलटून गेल्यावर मात्र काही प्रणालींमध्ये सुधारित प्रत चढवण्याचा दुवाच बंद होतो आणि काही जर्नल उशिरा आलेली प्रत नवा निबंध म्हणून नोंदवतात. तसे झाले तर नवा क्रमांक, कदाचित नवे परीक्षक आणि पुन्हा सुरुवातीपासूनचे पंधरा आठवडे.

शेवटच्या दिवशी घात करणारी एक साधी गोष्ट इथे सांगून ठेवतो. `Editorial Manager` या प्रणालीत फाइली चढवल्यावर ती त्यांची एक पीडीएफ तयार करते आणि लेखकाने ती उघडून मान्य करेपर्यंत निबंध जर्नलकडे जातच नाही, तो `Revisions Waiting for Author's Approval` या रकान्यात पडून राहतो. विद्यार्थ्याला वाटते प्रत गेली, कार्यालयाला वाटते लेखक गप्प आहे. म्हणून मान्यता दिल्यावर तो निबंध `Revisions Being Processed` मध्ये आला आहे का हे पाहावे आणि पोचीचा ईमेल जपून ठेवावा. मुदत तिथल्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे संपते, तेव्हा शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नये हे ओघाने आलेच.

वाट पाहण्याच्या काळात स्थिती रोज तपासत बसू नका. `Under Review` च्या शेजारची तारीख बदलली म्हणजे अहवाल आलाच असे नाही. एखादा परीक्षक गळून नवा आला तरीही ती बदलू शकते. `With Editor` वर महिनाभर काहीच हालचाल नसेल, किंवा `Under Review` होऊन तीन महिने उलटले असतील, तर निबंधाचा क्रमांक देऊन चार ओळींचे सौम्य पत्र लिहावे. प्रबंधाची तारीखही त्यात सांगायला हरकत नाही. संपादक त्यावरून निर्णय बदलत नाही, पण अडकलेला तिसरा अहवाल सोडून दोन अहवालांवर निर्णय द्यायचा का, हा विचार तो करू शकतो.

दुसऱ्या फेरीत सहसा पहिलेच परीक्षक असतात. त्यांच्यापैकी एकाने वेळ नाही म्हणून कळवले की संपादक कधी नवा माणूस घेतो आणि तो पूर्वी कोणी न विचारलेले प्रश्न काढतो. तसे झाल्यास मार्चमध्ये पुन्हा 'मेजर रिव्हिजन' येऊ शकते आणि तुमच्या सात आठवड्यांचा उपयोग तेव्हाच होतो. तेव्हा १ मार्च ते १५ एप्रिल या काळात लांबचा प्रवास किंवा परिषद ठेवू नका. 'मायनर रिव्हिजन'ची मुदत काही ठिकाणी आठवड्याभराचीच असते आणि ती प्रत बहुधा संपादक स्वतःच पाहतो, त्यामुळे ती जितकी लवकर जाईल तितका निर्णय लवकर येतो.

नकार ३० नोव्हेंबरला आला, तर त्याच संध्याकाळी निबंध जसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका. क्षेत्र लहान आहे आणि तोच परीक्षक तिथेही भेटू शकतो. दोन आठवड्यांत अहवालांतल्या न्याय्य मुद्द्यांची दुरुस्ती करून, ऑक्टोबरच्या नमुन्यांचे आकडे मिळाल्यास ते घालून, मगच पाठवा. ही दुसरी निवड मात्र आजच करून ठेवा आणि ती वर सांगितलेल्या तक्त्यावरूनच करा: ज्या जर्नलमध्ये निबंध मिळाल्यापासून स्वीकारेपर्यंतचा मधला काळ साडेपाच महिन्यांच्या आत आहे असेच घ्या, कारण १४ डिसेंबर ते ३१ मे एवढाच अवकाश तेव्हा उरेल. याउलट पहिल्या जर्नलने नोव्हेंबर संपूनही निर्णय दिला नाही आणि निबंध मागे घ्यावासा वाटला, तर मागे घेतल्याची लेखी पुष्टी आल्याशिवाय तो दुसरीकडे पाठवता येत नाही. एकाच वेळी दोन जर्नलांकडे निबंध असणे हा प्रकाशनाच्या नियमांचा भंग आहे आणि उघडकीस आला तर दोन्हीकडून नकार येतो. माझ्या मते १५ डिसेंबरपर्यंत वाट पाहावी. `Under Review` असेल आणि एक अहवाल आल्याचे संपादकाने कळवले असेल, तर निबंध मागे घेऊ नये, कारण दुसऱ्या ठिकाणी परीक्षक शोधण्याचे पाच आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.